सही कुणाची, पोट कुणाचं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘डॉक्टरची चूक आणि कायदा’. तिथपर्यंत येतोच, पण आधी माझं जुनं गाऱ्हाणं. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ऑपरेशनच्या आदल्या रात्री फॉर्म पुढं येतो, कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. आजीला वाचता येतं फक्त मराठी. ‘आजी, इथं सही करा.’ ‘कशाला गं?’ ‘ऑपरेशनला.’ झाली संमती! आजी जागेवर नसली तर जावयाची सही घेतात. जावयाला एरवी कोण विचारतंय? (हशा)

हसू नका, सुप्रीम कोर्टासमोर अगदी असंच प्रकरण आलं होतं. २००८ चा समीरा कोहली खटला. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई, मासिक पाळीचा रक्तस्राव थांबेना म्हणून दिल्लीत डॉक्टरकडे गेल्या. दुर्बिणीनं तपासणी करायची आणि गरज पडल्यास पोट उघडायचं, एवढ्यावर त्यांनी सही केली. भूल दिली. आत आजार दिसला तशा मदतनीस डॉक्टर बाहेर आल्या आणि आईची सही घेतली. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढलेली होती.

आता गंमत बघा. डॉक्टरनं ऑपरेशन वाईट केलं, असं कोर्ट म्हणालं नाही. हेतूही चांगला मानला. तरीही दोष धरलाच. बाई सज्ञान होत्या, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होत्या, जिवाला तातडीचा धोका नव्हता. मग आईला विचारून चालत नाही. तपासणीची परवानगी म्हणजे उपचाराची परवानगी नव्हे. डॉक्टरांची फी गेली, वर पंचवीस हजार भरपाई. रक्कम थोडी आहे, मला मान्य, पण त्यावर बोलायला दुसरं व्याख्यान लागेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

चुकीचं मूळ आता पटकन सांगतो. पेशंट बरा झाला नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. दोन मान्य उपचारांपैकी एक निवडला आणि तो फसला, तरी डॉक्टर सुटतो. त्या शाखेतल्या साधारण डॉक्टरनं जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, हा प्रश्न. घेतली नसेल आणि त्यामुळंच इजा झाली, तर ग्राहक आयोगात भरपाई. मुदत दोन वर्षांची. फौजदारीला मात्र घोर निष्काळजीपणा लागतो, असं २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आहे. पोलिसांनीही आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यायचं, ऊठसूट अटक नाही.

आणि संमतीचा दावा याहून वेगळा. तिथं हात सफाईदार होता का, हे कुणी बघत नाही. कशावर सही घेतली, कुणाची घेतली आणि सही करणाऱ्याला काय सांगितलं, एवढंच बघतात. तेव्हा घरी जाताच केसपेपरची नक्कल लेखी मागा. बहात्तर तासांत द्यावी, असा नियम आहे. फॉर्म त्यातच असतो. हो, हो, उठतोय अध्यक्षमहाराज.