शंकूचा उलगडा आणि पत्र्याची जाडी

मित्रहो, शंकूचा उलगडा कसा काढावा हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे भूमितीवर मी थोडाच वेळ घेणार आहे. जाड पत्र्यावर हाच उलगडा आखताना माप कोठे बिघडते, आणि कधी कधी दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात तेव्हा ते कसे ओळखावे, हा आजचा माझा विषय आहे.

एक उदाहरण घेऊ. मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडणारा शंकूछेद, म्हणजे आपला नेहमीचा रिड्यूसर, बनवायचा आहे. ड्रॉइंगवर मोठ्या तोंडाचा बाहेरचा व्यास 606 मि.मी., लहान तोंडाचा 306, उभी उंची 400 आणि पत्रा 6 मि.मी. जाडीचा आहे. पत्रा रोलमधून वळताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते आणि जाडीच्या मध्यावरचा थर आपली लांबी जवळजवळ जशीच्या तशी राखतो. म्हणून उलगड्यासाठी व्यास घ्यायचा तो मधला, म्हणजे 600 आणि 300. जाडीच्या मानाने वळण मोठे असेल तोवर हे गृहीत धरायला हरकत नाही. प्रेसवर अगदी अरुंद वळण काढताना तो थर आतल्या बाजूला सरकतो, पण तो आपला आजचा प्रश्न नाही.

दोन व्यासांमधील फरकाचा अर्धा भाग 150 आणि उंची 400, म्हणून तिरकस उंची 427.2 येते. शंकू टोकापर्यंत वाढवला, तर मोठ्या तोंडापासून शिरोबिंदूपर्यंतची तिरकस लांबी 854.4 होते, आणि हीच उलगड्याच्या बाहेरच्या कंसाची त्रिज्या. आतल्या कंसाची त्रिज्या 427.2. वर्तुळपाकळीचा कोन काढायचा तर 360 ला मोठ्या तोंडाच्या त्रिज्येने, म्हणजे 300 ने, गुणून 854.4 ने भागायचे. तो 126.4 अंश येतो. बाहेरचा कंस 1885 मि.मी. लांब असायला हवा आणि आतला 942.5.

येथे पहिली अडचण उभी राहते. एवढ्या मोठ्या त्रिज्येवर अर्ध्या अंशाची चूक कंसावर साडेसात मि.मी. होऊन बसते, त्यामुळे कोनमापकावर विसंबून चालत नाही. म्हणून बहुतेक मार्किंगवाले पायाचे वर्तुळ काढून त्याचे बारा भाग करतात, एक भाग डिव्हायडरमध्ये पकडतात आणि कंसावर बारा वेळा टाकत जातात. रीत जुनी आणि हाताला बसलेली आहे, पण तिच्यात एक खोट आहे. डिव्हायडर वर्तुळाची जीवा पकडतो, कंस पकडत नाही. पायाच्या वर्तुळावर ती जीवा 155.3 मि.मी. भरते, आणि तीच जीवा 854.4 च्या सपाट कंसावर टाकली की तिच्यावरचा कंस केवळ 155.5 चा असतो. बारा टप्पे मिळून 1866 होतात. म्हणजे परिघ सुमारे 19 मि.मी. कमी पडला आणि व्यास 6 मि.मी. लहान झाला. चोवीस भाग केले तर ही तूट पाच मि.मी.वर येते, पण नाहीशी होत नाही.

आता दुसरी चूक पाहा. मधल्या व्यासाऐवजी ड्रॉइंगवरचा बाहेरचा 606 व्यास घेऊनच कोणी उलगडा काढला, तर परिघ जाडीच्या 3.14 पट, म्हणजे 18.85 मि.मी. जास्त येतो. ही वाढ आणि बारा भागांची तूट जवळपास सारखीच आहे, हे आपल्या लक्षात आलेच असेल. बाहेरचा व्यास घेऊन बारा टप्प्यांनी आखणारा कारागीर मोठ्या तोंडाच्या आखलेल्या कंसाला टेप लावतो, त्याला 1885 च्या आसपास माप मिळते आणि आपली रीत बरोबर आहे अशी त्याची खात्री पटते. चुकीने चूक झाकली गेली, एवढेच झालेले असते.

पण लहान तोंड खरे काय ते सांगते. या रीतीने आतल्या कंसाची त्रिज्या 435.7 येते आणि कोन साधारण 125.1 अंश, म्हणून आतला कंस 951.7 भरतो. हवा होता 942.5. जाडीमुळे होणारी वाढ दोन्ही तोंडांना सारखीच असते, मात्र जीवेमुळे पडणारी तूट व्यासाच्या प्रमाणात असते, त्यामुळे 300 च्या तोंडाला ती निम्मीच पडते आणि हिशेब जुळत नाही. मोठे तोंड पाइपावर नीट बसते, लहान तोंड व्यासाला सुमारे 3 मि.मी. मोठे निघते, आणि दोष रोलिंगवाल्याच्या माथी जातो. पत्रा 3 मि.मी.चा घेतला तर मोठे तोंडही उघडे पडते, कारण वाढ निम्मी होते आणि तूट तेवढीच राहते.

यावरचा माझा उपाय साधा आहे. कंस ट्रॅमेलने मारून घ्यावा आणि कोनाऐवजी दोन टोकांमधील सरळ अंतर टेपने टाकावे. आपल्या उदाहरणात हे अंतर बाहेरच्या कंसासाठी 1525.3 आणि आतल्यासाठी 762.6 आहे. त्यानंतर पातळ पट्टी कंसावर वाकवून 1885 आणि 942.5 ही दोन्ही मापे पडताळावीत. कापण्याआधी दोन्ही कंस मोजायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि एकच मोजणे का पुरत नाही हे आपण आत्ताच पाहिले.

कडांचाही विचार करायला हवा. पत्र्याची कड त्याच्या पृष्ठभागाला काटकोनात कापलेली असते, पण उभा शंकू तिरका असल्यामुळे ती कड जमिनीला समांतर राहत नाही. मोठे तोंड खाली ठेवले तर शंकू आतल्या कोपऱ्यावर टेकतो, वर लहान तोंडाला बाहेरचा कोपरा सर्वांत उंच असतो. येथे शंकूचा अर्धकोन सुमारे 20.6 अंश आहे, त्यामुळे प्रत्येक कडेला 2.1 मि.मी.चा फरक पडतो आणि एकूण उंची 402.1 भरते. मोठ्या तोंडाची फट बाहेरून उघडते, लहान तोंडाची आतून, त्यामुळे वेल्डिंग कोठून करायचे याचा निर्णयही त्यावर ठरतो. याच कारणाने काटेकोर मधला व्यास 600 नसून 600.4 आहे. एवढा फरक येथे सोडून देता येतो. मात्र अर्धकोन 60 अंशांचा असेल, म्हणजे शंकू पसरट असेल, तर बाहेरच्या व्यासातून पूर्ण जाडी वजा न करता निम्मीच करावी लागते.

आता या पद्धतीची मर्यादा. दोन तोंडांत फरक थोडा असला की शिरोबिंदू फार दूर जातो. मधले व्यास 600 आणि 560, उंची तीच 400, एवढ्यावर बाहेरच्या कंसाची त्रिज्या सहा मीटरच्या वर जाते, आणि एवढा ट्रॅमेल लावायला जमिनीवर जागा मिळत नाही. अशा वेळी केंद्र विसरून जावे. टोकांमधील सरळ अंतर 1877 मि.मी.ची रेषा मारावी, तिच्या मध्यावर लंब काढून 74 मि.मी.वर खूण करावी, आणि मध्य व टोक यांच्या बरोबर अधे, दोन्हीकडे, 55.4 मि.मी.वर खुणा कराव्यात. दोन टोके धरून असे पाच बिंदू मिळतात. त्यांवर सेंटर पंच मारून लवचिक पट्टी टेकवली आणि रेघ ओढली, की तो कंस अशा कामाला पुरेसा अचूक येतो. आतला कंसही असाच, आपल्या स्वतंत्र मापांनी काढावा. बाहेरचीच उंची त्याला उचलून दिली, तर लहान तोंड पुन्हा चुकते.