एक कोटी जिंकले, हातात किती? बक्षिसावरच्या टॅक्सचा हिशोब

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. आज फक्त एकच हिशोब करू, पण पूर्ण करू. लॉटरी लागली, टीव्हीवरच्या क्विझमध्ये पैसे जिंकले, कुठल्या लकी ड्रॉमध्ये नंबर आला, तर जाहीर झालेल्या रकमेतले शेवटी आपल्याकडे राहतात किती? हा प्रश्न विचारला की बहुतेक जण पटकन सांगतात, तीस टक्के कापतात, सत्तर टक्के आपले. आणि इथेच गडबड होते. तीस टक्के हा कापला जाणारा टीडीएस आहे, तो तुमचा पूर्ण टॅक्स नाही, टॅक्स त्याच्यापेक्षा जास्त असतो, आणि बक्षीस मोठं असेल तर हा फरक लाखांत जातो.

आधी नियम काय ते बघू. आयकर कायदा १९६१ चं कलम ११५बीबी. लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांची शर्यत, पत्ते, इतर खेळ, जुगार, पैज या सगळ्यांतून मिळालेल्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स. टीव्ही शोमधली बक्षिसंही यातच येतात. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण ३० टक्क्यांचा दर तोच आहे. मी आज जे आकडे सांगणार आहे ते २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नवीन टॅक्स रेजीमचे धरा, आणि व्यक्ती भारतात राहणारी धरा.

सरळ ३० टक्के म्हणजे खरंच सरळ, पहिल्या रुपयापासून. आता समजा एका गृहिणीला सहा लाखांची लॉटरी लागली, दुसरं काहीच उत्पन्न नाही. घरचे म्हणणार, अहो बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही आता, रिटर्न भरा आणि कापलेले पैसे परत मागा. नाही मिळत. ती बारा लाखांची सवलत स्लॅबने लागणाऱ्या टॅक्सवर आहे, लॉटरीच्या टॅक्सवर ती लागू होत नाही. चार लाखांपर्यंत टॅक्स नसतो ना, ती मर्यादाही इथे धरत नाहीत. एलआयसी, पीपीएफ, मेडिक्लेम, कशाचीच वजावट नाही. तिकिटांवर वर्षभर केलेला खर्चही वजा होत नाही, म्हणजे पन्नास हजारांची तिकिटं घेतली आणि साठ हजारांचं बक्षीस लागलं तरी टॅक्स साठ हजारांवरच. मला विचाराल तर हा नियम कडक आहे, पण कायद्यात तो स्पष्ट लिहिलेला आहे, त्यात पळवाट शोधत बसू नका.

तर त्या ताईंचा हिशोब. सहा लाखांचे ३० टक्के म्हणजे १,८०,०००. त्यावर ४ टक्के सेस, आरोग्य आणि शिक्षणाचा, तो बक्षिसावर नाही तर टॅक्सच्या रकमेवर लागतो, म्हणजे ७,२००. एकूण टॅक्स १,८७,२००. आणि लॉटरीवाल्यांनी कापले किती? १,८०,०००. कारण कलम १९४बी खाली निवासी माणसाचा टीडीएस कापताना सेस धरतच नाहीत, नुसते ३० टक्के कापतात. म्हणजे बँकेत आले ४,२०,००० आणि त्यातले ७,२०० अजून सरकारचे आहेत. खरे हातात राहिले ४,१२,८००. म्हणूनच लोक ३१.२ टक्के म्हणतात तो आकडा बरोबर आहे, फक्त तो कापला जाणारा आकडा नाही. बक्षिसाला ०.६८८ ने गुणा, तुमची निव्वळ रक्कम आली. पण हे गणित पन्नास लाखांपर्यंतच चालतं, ते लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट जाता जाता. टीडीएस कापायची मर्यादा १०,००० रुपयांची आहे, आणि एप्रिल २०२५ पासून ती प्रत्येक व्यवहाराला वेगळी बघतात. म्हणजे नऊ हजारांचं बक्षीस असेल तर कुणी काही कापणार नाही. पण कापलं नाही म्हणजे टॅक्स नाही असं नाही हं. त्या नऊ हजारांवरही ३० टक्के आणि सेस लागतोच, तो रिटर्नमध्ये आपण स्वतः दाखवून भरायचा.

आता मोठ्या रकमेकडे या, कारण खरी फसगत तिथे होते. पन्नास लाखांच्या वर एकूण उत्पन्न गेलं की सरचार्ज सुरू होतो. पन्नास लाख ते एक कोटी १० टक्के, एक ते दोन कोटी १५ टक्के, दोन कोटींच्या वर २५ टक्के. हाही बक्षिसावर नाही, टॅक्सवर. आणि मग टॅक्स अधिक सरचार्ज या बेरजेवर ४ टक्के सेस. क्रम महत्त्वाचा आहे, आधी सरचार्ज, मग सेस.

क्विझमध्ये बरोबर एक कोटी जिंकले, दुसरं उत्पन्न शून्य. टॅक्स तीस लाख. सरचार्ज त्याच्या १० टक्के, तीन लाख. झाले तेहतीस लाख. त्यावर सेस १,३२,०००. एकूण ३४,३२,०००. हातात राहणार ६५,६८,०००. आणि चॅनलने कापले फक्त तीस लाख, कारण टीडीएसमध्ये सरचार्जही नसतो. तर खात्यात जमा झाले सत्तर लाख आणि त्यातले ४,३२,००० भरायचे बाकी आहेत, आणि याची नोटीस वगैरे त्या दिवशी कुणी देत नाही. माणूस सत्तर लाख आपलेच समजून फ्लॅटचं बुकिंग करतो, लग्नाला काढतो, आणि पुढच्या जुलैत सीए सांगतो की अजून सव्वाचार लाखांच्या वर भरायचेत.

आता याच माणसाला नोकरी असेल तर काय होतं बघा, मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा स्टँडर्ड डिडक्शन जाऊन पगाराचं उत्पन्न पाच लाख. त्या पगारावर स्लॅबने टॅक्स येतो पाच हजार, फक्त पाच हजार. पण एकूण उत्पन्न झालं एक कोटी पाच लाख, म्हणजे सरचार्ज १० वरून १५ टक्क्यांवर गेला, आणि तो सगळ्या टॅक्सवर लागतो. टॅक्स ३०,०५,०००, सरचार्ज ४,५०,७५०, दोन्हींवर सेस १,३८,२३०. एकूण ३५,९३,९८०. नोकरी नसलेल्यापेक्षा १,६१,९८० जास्त, त्या पाच लाखांच्या पगारामुळे. म्हणून बक्षिसाचा हिशोब बक्षिसाच्या रकमेवरून करता येत नाही, त्या वर्षातलं तुमचं सगळं उत्पन्न एकत्र घ्यावं लागतं, पगार, एफडीचं व्याज, भाडं, सगळं.

मर्यादा थोडीशीच ओलांडली तर मात्र कायदा सांभाळून घेतो, त्याला मार्जिनल रिलीफ म्हणतात. समजा बक्षीस ५०,५०,०००, बाकी उत्पन्न नाही. टॅक्स १५,१५,०००, त्यावर १० टक्के सरचार्ज १,५१,५००, म्हणजे पन्नास हजार जास्त जिंकल्याबद्दल दीड लाखांचा भुर्दंड. तसं होऊ देत नाहीत. पन्नास लाखांवरचा टॅक्स पंधरा लाख, त्यात वरचे पन्नास हजार मिळवायचे, १५,५०,०००, याच्या पुढे टॅक्स अधिक सरचार्ज जाऊ शकत नाही. मग सेस ६२,०००, एकूण १६,१२,०००, हातात ३४,३८,०००. आणि बरोबर पन्नास लाख जिंकणाऱ्याच्या हातात किती? टॅक्स १५ लाख, सेस ६०,०००, उरले ३४,४०,०००. म्हणजे पन्नास हजार जास्त जिंकून दोन हजार कमीच मिळाले, कारण रिलीफ सेसच्या आधी बघतात.

आता उरलेले पैसे भरायचे कधी? रिटर्नच्या वेळी, असं समजू नका. टीडीएस जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त टॅक्स बाकी असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. लॉटरी कधी लागणार हे आधी कुणाला माहीत नसतं हे कायद्यालाही कळतं, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये जिंकलात तर आधीच्या दोन हप्त्यांचं व्याज लागत नाही, पण डिसेंबर आणि मार्चचे हप्ते चुकवायचे नाहीत. १५ मार्चनंतर जिंकलात तर ३१ मार्चपर्यंत भरा. काहीच भरलं नाही तर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का. एक कोटीवाल्याने ते ४,३२,००० जुलैत भरले तर चार महिन्यांचे १७,२८०, आणि चुकलेल्या हप्त्यांचं व्याज वेगळं. साठ वर्षं पूर्ण झालेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना ॲडव्हान्स टॅक्स नाही, त्यांनी रिटर्नच्या आधी भरलं तरी चालतं. गृहिणीच्या सात हजारांनाही ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही, बाकी दहा हजारांच्या आत आहे.

रिटर्न भरताना आयटीआर-१ चालत नाही, लॉटरीचं उत्पन्न असेल तर आयटीआर-२ घ्या, धंदा असेल तर ३. आणि पूर्ण रक्कम दाखवा, एक कोटी, खात्यात आलेले सत्तर लाख नाही. ही चूक फार होते. कापलेला टीडीएस फॉर्म २६एएस मध्ये तुमच्या पॅनवर दिसतो, तो नीट जुळवून घ्या, दिसत नसेल तर बक्षीस देणाऱ्याकडून फॉर्म १६ए मागा, त्यांनी तो द्यायलाच पाहिजे.

शेवटचा प्रश्न येतो तो गाडीचा. बक्षीस पैशात नसेल तर कापणार कशातून? दहा लाखांची गाडी लागली तर देणाऱ्याने, गाडी तुमच्या ताब्यात द्यायच्या आधी, तीन लाख टॅक्स भरला गेलाय याची खात्री करायची असते. काही आयोजक स्वतः भरतात, बहुतेक वेळा तुम्हाला भरायला सांगतात, आणि सेसचे १२,००० मागाहून तुमचेच. म्हणजे गाडी घरी आणायला खिशात तीन लाख लागतात, गाडी विकायचा विचार असेल तरी आधी. आणि याचाच फायदा फसवणारे घेतात, तुम्हाला बक्षीस लागलंय, आधी टॅक्सचे पैसे पाठवा. ओळखायचं कसं? रोख बक्षिसात टॅक्स बक्षिसातूनच कापतात, तो आधी मागायचं कारणच नाही. आणि वस्तूच्या बक्षिसात तुम्ही भरायचा असेल तर तो आयकर विभागाच्या ई-पे टॅक्स सुविधेतून, स्वतःचा पॅन टाकून, स्वतः भरायचा आणि चलनाची प्रत आयोजकाला द्यायची. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर टॅक्स मागत असतील तर फोन ठेवून द्या आणि १९३० वर तक्रार करा.