पातळ सांधा, जाड सांधा आणि निघून आलेली गिट्टी

(लातूर येथे मिस्त्री, ठेकेदार आणि घर बांधू पाहणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज पत्रिकेवर दोन विषय आहेत. हलक्या ब्लॉकची भिंत कशाने बांधायची हा पहिला, आणि त्या भिंतीवर गिझर, टीव्ही, कपाट कसं टांगायचं हा दुसरा. बरीच मंडळी दुसऱ्यासाठीच आलीत, कारण दारातच एका काकांनी मला मोबाइलवर भिंतीतून निघून आलेल्या, स्क्रूच्या गिट्टीचा फोटो दाखवला. काका, येतो तिथंही. पण आधी भिंत उभी राहू द्या.

मी बोलतोय ते एएसी ब्लॉकबद्दल. औष्णिक वीज केंद्राची राख, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड. ती पूड चुन्याशी भिडली की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि मिश्रण फुगतं. मग ते तारेनं कापतात आणि दाबाखालच्या वाफेत शिजवतात. सहा इंची ब्लॉक कोरडा असेल तर अकरा किलोच्या आसपास भरतो. भिंत हलकी असावी हे किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

दुसरा एक पांढरा ब्लॉक मिळतो, सीएलसी. तो फेस मिसळून साच्यात ओततात आणि हवेतच सुकवतात, वाफेत शिजवत नाहीत. दुकानदार दोन्हींना ‘सफेद ब्लॉक’च म्हणतो. एएसीच्या अंगावर तारेनं कापल्याच्या बारीक रेघा दिसतात, साच्यातला ब्लॉक गुळगुळीत असतो. हा फरक पुढं कामाला येणार आहे.

आता माझं दुखणं सांगतो.

इथंच, मे महिन्यात, एका बंगल्याचं काम चालू होतं. मालक मोठ्या हौसेनं मला साइट दाखवत होते. हौदात ब्लॉक टाकलेले, रात्रभर भिजत. मिस्त्री अनुभवी माणूस, उभा जन्म भट्टीच्या विटेत गेलेला. मी म्हटलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, “साहेब, भिजवल्याबिगर कोणी बांधतं का? सिमेंट-वाळूचा माल कोरडा पडतोय.” मालक लगेच म्हणाले, पाण्याला कमी पडू देणार नाही, टँकर लावलाय. लातूरचा माणूस टँकर लावून ब्लॉक भिजवतो! ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावातली ही गोष्ट. (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या साइटवर आजही तो हौद आहे.

मी सांगून पाहिलं, पण माझं कोण ऐकतो. भिंती झाल्या, गिलावा झाला, रंग झाला. दिवाळी उलटली आणि मालकांचा फोन आला. संध्याकाळचं तिरपं ऊन हॉलच्या भिंतीवर पडलं की आत ब्लॉकचा एकेक सांधा रेघेनं दिसतो, काही ठिकाणी पायऱ्या-पायऱ्यांची चीर. तोवर त्यांनी आधी रंगवाल्याला धरलं होतं, मग काळ्या जमिनीला, आणि शेवटी कोणीतरी येऊन जिना चुकीच्या दिशेला असल्याचंही सांगून गेलं होतं. काळी जमीन दोषी असू शकते, नाही असं नाही, पण ती चीर पाया आणि जोत्यापासून वर येते. इथं जोतं धड होतं.

आम्ही वीतभर गिलावा काढला. सांध्यात चाकूचं पातं घातलं तर ते सहज आत गेलं. वरचा ब्लॉक दोन्ही हातांनी हलवला आणि तो उचलूनच आला! सगळा माल खालच्या ब्लॉकवर राहिलेला, वरच्याची खालची बाजू स्वच्छ, वर थोडी पांढरी भुकटी. आपण ज्याला जोड म्हणत होतो, तिथं जोड कधी झालाच नव्हता.

याचं कारण पाणी. सिमेंट आवळायला पाणी त्याच्यापाशी काही तास टिकलं पाहिजे. ब्लॉक कोरडा असला की मालातलं पाणी ओढून घेतो, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात वरूनही ते उडतं. थापीनं पसरलेला माल पुढचा ब्लॉक ठेवेपर्यंत निस्तेज होतो. मिस्त्री म्हणतो, मग भिजवा. पण पूर्ण भिजलेला ब्लॉक किंचित फुगतो, आणि भिंतीत बसल्यावर महिनोन्‌महिने सुकत आकसतो. त्या आकसण्यानं सांधा सुटतो. कोरडा ठेवला तरी पंचाईत, भिजवला तरी पंचाईत. विटेचं शहाणपण इथं चालत नाही, त्यात मिस्त्रीच्या हाताचा दोष नाही.

यातून वाट काढतं ते पातळ सांध्याचं तयार मिश्रण. तुम्ही ज्याला साइटवर ‘केमिकल’ म्हणता, त्या चाळीस किलोच्या गोणीत जादू काही नाही. सिमेंट, एकसारखी बारीक वाळू, थोडं पॉलिमर आणि पाणी धरून ठेवणारं सेल्युलोजचं द्रव्य. या शेवटच्या गोष्टीमुळं दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ थरातही पाणी सिमेंटपाशी टिकतं. तोच थर साध्या मालाचा केला तर वाळूचा मोठा कणच त्यात मावणार नाही. म्हणून हा ताकदीचा सामना नाही. एक चार प्रमाणाचा कडक माल तर ब्लॉकपेक्षा ताठर होतो आणि चीर ब्लॉकमधूनच काढतो.

कामाची रीत थोडक्यात. बादलीत आधी पाणी, मग पूड. गोणीला साधारण दहा ते बारा लिटर, पण गोणीवरचा आकडा पाहा. ड्रिलला पंखा लावून फिरवा, पाच मिनिटं राहू द्या, पुन्हा फिरवा. मिश्रण घट्ट होऊ लागलं की वरून पाणी घालायचं नाही, ते टाकून द्यायचं. ब्लॉकवरची भुकटी ब्रशनं झाडायची, कडक उन्हात फार तर ओला ब्रश फिरवायचा. दातेरी थापीनं पसरायचं, तेही दोन-तीन ब्लॉकपुरतंच. बोट लावून पाहा. बोटाला चिकटलं नाही तर वर साय धरली आहे, खरवडून नवं लावा. उभ्या सांध्यातही लावा, तिथं फार चोरी होते. आणि ब्लॉक रबरी हातोडीनं बसवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक ब्लॉक मुद्दाम उखडून पाहा. जोड चांगला असेल तर सांधा सुटत नाही, ब्लॉकचाच लचका निघतो. यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

पैशाचं विचारतात, म्हणून एक हिशेब. दहा बाय दहा फुटांची सहा इंची भिंत घ्या. बारा मिलिमीटरचे सांधे धरले तर त्यात सुमारे एकशे पाच लिटर ओला माल जातो, तीन मिलिमीटरचे धरले तर सत्तावीस लिटर. म्हणजे एकीकडं अर्ध्या गोणीहून थोडं जास्त सिमेंट आणि त्याच्या सहापट वाळू, दुसरीकडं केमिकलची साधारण एक गोणी. नुसती गोणी पाहिली तर केमिकल महाग वाटतं. त्यात वाळूचा आजचा भाव, चाळणी, टँकर आणि सात दिवस पाणी मारणारा माणूस धरा, मग बोला.

तरी साधा माल हद्दपार करू नका. पहिला थर त्यावरच बसतो, कारण जोत्याचा उंचसखलपणा तीन मिलिमीटरमध्ये मिटत नाही. तो थर पाणलेव्हलनं जुळला नाही तर वरची सगळी भिंत बिघडते. आणि ब्लॉकच्या उंचीत फरक असेल तर पातळ सांधा चालत नाही. ट्रकमधून चार-पाच ब्लॉक काढा, शेजारी ठेवा, वर सरळ पट्टी धरा. पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त उजेड दिसला, किंवा तो साच्यातला सीएलसी निघाला, तर एक सहाचा साधा माल घ्या. ब्लॉक बुडवू नका, जोडायची बाजू ब्रशनं ओली करा आणि सांध्यांवर आठवडाभर हलकं पाणी मारा.

आयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. माझं दुखणंच लांबलं. तर काका, तुमची गिट्टी.

पहिली गोष्ट, ड्रिलवरचं हातोडीचं बटण बंद करा. या ब्लॉकवर हातोडीचा ठोका म्हणजे खारीत खिळा, आतला भुगा होऊन छिद्र ढिलं पडतं. नुसतं फिरवून भोक पाडा, गिट्टीपेक्षा एक नंबर लहान बिटानं, आणि भुकटी फुंकून काढा. दुसरी गोष्ट, साधी गिट्टी नको. एएसीसाठी पंखाच्या किंवा आट्यांच्या नायलॉन गिट्ट्या मिळतात, त्या लांब घ्या. गिलाव्याची जाडी धरायची नाही. गिलावा भार घेत नाही, लांबी ब्लॉकमध्ये मोजायची. तिसरी गोष्ट, ब्लॉकच्या कडेपासून चार इंच लांब राहा. आणि लोखंडी फुगणारे डॅश फास्टनर स्लॅबसाठी ठेवा. ते आतून दाबून धरतात, इथं तो दाब ब्लॉक चिरडतो.

आता कोणती वस्तू जड, हे वजनावर ठरवू नका. पंचवीस लिटरचा गिझर पाण्यासकट पस्तीसेक किलो धरा. वजन भिंतीपासून अठरा सेंटीमीटरवर, वरचे बोल्ट टेकण्याच्या जागेपासून तीस सेंटीमीटर वर. पस्तीस गुणिले अठरा, भागिले तीस: वरच्या बोल्टांवर एकवीस किलोची ओढ, दोघांत मिळून. आता पंधरा किलोचा टीव्ही, बाहेर खेचायच्या हातावर. हात पंचेचाळीस सेंटीमीटर, पट्टीचे बोल्ट वीस सेंटीमीटर वर. पंधरा गुणिले पंचेचाळीस, भागिले वीस: चौतीस किलो! टीव्ही गिझरच्या निम्म्याहून हलका, ओढ दीडपट, वर पोरं तो हात मागं-पुढं करणार. काका, तुमच्या फोटोत टीव्हीच होता ना? भिंतीला चपटा लावला असता तर आज इथं आला नसता. (हशा)

टीव्हीचा खेचता हात, गिझर, भांड्यांचं कपाट यांना दोनच वाटा. एक, रेझिनचा अँकर. छिद्र आतून रुंद करून, साफ करून, रेझिन भरून आट्यांची सळई बसवायची आणि गोणीवर, नव्हे, नळीवर लिहिलेला वेळ थांबायचं. दोन, भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागं लोखंडी पट्टी. बाथरूमच्या मागं पॅसेज असेल तर मी हीच दुसरी वाट धरतो.

ज्यांची भिंत अजून उभी राहायची आहे त्यांना तिसरी, सगळ्यांत स्वस्त वाट आहे. गिझर, टीव्ही आणि दरवाज्याच्या होल्डफास्टच्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीटचा तुकडा बांधून घ्या, आणि गिलाव्याआधी टेप धरून त्याचा फोटो काढून ठेवा. काँक्रीटमध्ये साधं फास्टनर बिनधास्त चालतं.

आणि काका, तुमच्या मोठ्या झालेल्या भोकात सिमेंट ठोसून तिथंच गिट्टी मारू नका. चार इंच बाजूला सरका, नाही जमलं तर तेच भोक साफ करून रेझिन भरा. कोणाचे प्रश्न असतील तर चहाच्या टेबलापाशी या, मी तिथंच आहे.