रॅपिड निगेटिव्ह, म्हणून मलेरिया नाही?

तर मंडळाने मला विषय दिलाय व्हायवॅक्स जातीचा मलेरिया परत का येतो, तिकडे येतेच, पण आधी माझं जुनं दुखणं ऐकून घ्या. पॅथॉलॉजीत एवढी वर्षं काढली तरी लोक अजून येऊन सांगतात, "मॅडम, ताप रोज येतोय, मलेरियाचा तर एक दिवसाआड येतो ना?" अहो येतो, व्हायवॅक्सचे जंतू लाल पेशीत ४८ तास वाढतात, मग पेशी फुटतात आणि हुडहुडी भरते, मग सणसणून ताप, मग घाम. पण सुरुवातीला सगळे एकाच वेळी फुटत नाहीत, काही आज तर काही उद्या, मग ताप रोजच दिसणार की! त्यात आपण दर सहा तासांनी पॅरासिटामॉल घेणार, मग कसला पॅटर्न बघताय. (हसू नका, घरोघरी हेच चालतं.)

परळचा एक विशीतला मुलगा, ऑगस्ट महिना, शेजारी टॉवरचं काम चालू, म्हणजे साठलेल्या पाण्याला तोटा नाही. दुसऱ्याच दिवशी रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह. घरचे म्हणाले व्हायरल आहे. चौथ्या दिवशी दोन ब्लँकेटं घेऊनही दात वाजायला लागले तेव्हा आमच्याकडे रक्ताची स्लाइड आली. जाड थेंबात जंतू सापडले, पातळ स्मिअरमध्ये जात कळली: जंतू असलेली लाल पेशी शेजारणींपेक्षा मोठी, फुगलेली, आत बारीक गुलाबी ठिपके. व्हायवॅक्स.

किट खोटं नव्हतं हो. ते जंतूंचं प्रोटीन पकडतं, मायक्रोलिटरला शंभर-दोनशेच्या खाली जंतू असले की रेघ उमटेलच असं नाही. मुरलेला टेक्निशियन त्याहून कमी पकडतो, पण जाड थेंबाची शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं, आणि संध्याकाळी स्लाइडींचा ढीग पडला की किती जण बघतात ते मी इथे बोलत नाही. ताप चालूच असेल तर दुसऱ्या दिवशी परत स्लाइड करा, एवढंच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मूळ विषय. डास चावला की जंतू आधी लिव्हरमध्ये जातात, व्हायवॅक्सचे काही तिथेच झोपून राहतात, काही आठवडे किंवा कित्येक महिने. रक्तात नाहीत म्हणजे किटला दिसत नाहीत, स्लाइडवरही नाहीत, आणि क्लोरोक्विन रक्तातलेच मारतं. आपल्या मुलाने ते तीन दिवस घेतलं, ताप गेला, मग लिव्हरमधल्या झोपलेल्यांसाठीची १४ दिवसांची प्रायमाक्विन पाचव्या दिवशी बंद केली. फेब्रुवारीत परत तीच हुडहुडी! नवा डास चावला असंही असू शकतं, स्लाइडवरून ते सांगता येत नाही, पण अर्धवट कोर्स ऐकला की माझा संशय लिव्हरवरच.

या वेळी प्रायमाक्विन साठ किलोच्या हिशोबाने रोज १५ मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस, पण त्याआधी जीसिक्सपीडी टेस्ट, कारण ते एन्झाइम कमी असेल तर या गोळीने लाल पेशी फुटतात. गरोदर बाईला ती देतच नाहीत. आणि गोळी चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरकडे.