कूपन आठ, मार्केट दहा

हे पान बघा. एम.कॉम.च्या एका मुलीच्या वहीतलं आहे, पेन्सिलने सोडवलेलं, शेवटच्या उत्तराभोवती दोनदा गोल केलाय. प्रश्न असा की बॉण्डची फेस व्हॅल्यू, म्हणजे मुदत संपल्यावर परत मिळणारी रक्कम, १००० रुपये, कूपन रेट ८ टक्के, मुदत ५ वर्षं, मार्केटमध्ये अशाच बॉण्डवर सध्या १० टक्के मिळतायत, तर आज याची किंमत किती? तिचं उत्तर आलंय १०००, आणि ऑप्शनमध्ये १००० आहेच त्यामुळे तिला शंकासुद्धा आली नाही.

चुकलं कुठे ते वरच्या ओळीत दिसतं. पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढताना, म्हणजे डिस्काउंट करताना, तिने ८ टक्केच लावलेत. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि दर बॅचला ही चूक बघतो, कारण प्रश्नात पहिला टक्का कूपनचा येतो आणि हात आपोआप तोच उचलतो. पण बॉण्डचाच रेट बॉण्डला लावला की मुदत कितीही असू दे, उत्तर फेस व्हॅल्यूच येणार. दोन रेट वेगळे दिलेत आणि तुमचं उत्तर बरोबर १००० आलंय, तर लगेच थांबायचं आणि कुठला रेट लावला ते बघायचं.

कूपन रेट फक्त एकच काम करतो, दरवर्षी हातात किती पैसे येणार ते सांगतो. इथे ८० रुपये. ते बॉण्ड काढला त्या दिवशी ठरलं, आता बदलत नाही. आपल्याकडे सरकारी रोख्याच्या नावातच तो आकडा असतो, ६.५४% जीएस २०३२ असं. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून वाढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० वर नेला, पण या रोख्याचं कूपन ६.५४ ते ६.५४च राहिलं. मार्केटमध्ये नवीन रोखे जास्त व्याजाने मिळायला लागले की जुना कोण त्याच भावाने घेईल? व्याज वाढवता येत नाही, मग उरते फक्त किंमत, तीच खाली येते.

आता तिचंच गणित परत करूया, १० टक्क्यांनी. पहिल्या वर्षीचे ८० आजच्या हिशोबात ७२.७३ होतात, पाचव्या वर्षीचे ८० घसरून ४९.६७, पाचही मिळून ३०३.२६. शेवटी परत मिळणारे १००० आज ६२०.९२ चे. बेरीज ९२४.१८. म्हणजे बॉण्ड डिस्काउंटवर, फेस व्हॅल्यूच्या खाली, आणि घेणाऱ्याला वर्षाला जे २० रुपये कमी मिळतात त्याची भरपाई त्याला हा ७५.८२ चा फरक करून देतो.

मार्केट रेट उलट ६ टक्के असता तर हाच बॉण्ड १०८४.२५ ला, प्रीमियमवर, म्हणजे फेस व्हॅल्यूच्या वर. इथे जरा थांबा, कारण क्विझमध्ये एक विधान हमखास येतं, 'रेट सारखाच वाढला किंवा कमी झाला तर किंमतही सारखीच हलते', चूक की बरोबर. चूक. २ टक्के वाढल्यावर ७५.८२ गेले, २ टक्के उतरल्यावर ८४.२५ आले. डिस्काउंटिंगमध्ये रेट भागाकारात खाली बसतो, म्हणून किंमतीची रेषा सरळ जात नाही, वाकते.

दुसरा सापळा सहामाही व्याजाचा. आपले सरकारी रोखे वर्षातून दोनदा व्याज देतात म्हणून परीक्षकांचं यावर प्रेम. तेव्हा तीन गोष्टी एकदम बदलायच्या, कूपन ४०, रेट ५, हप्ते १०. उत्तर ९२२.७८ येतं, म्हणजे वार्षिकच्या अगदी जवळ. घाईत मुलं कूपन अर्धं करतात आणि रेट नि हप्ते तसेच ठेवतात, मग येतं ७७२. एवढी दरी पडली तर चूक नक्की, व्याजाचा हप्ता दोनदा केल्याने किंमत दीडशे रुपयांनी हलत नाही.

आणि एक प्रश्न मला फार आवडतो, मुद्दाम विचारतो. मार्केट रेट १० वरच आहे, एक वर्ष गेलं, आता किंमत? निम्मी मुलं म्हणतात रेट हलला नाही म्हणजे किंमतही तीच. त्या वहीवाल्या मुलीने मात्र तेव्हा डिस्काउंट फॅक्टरचं टेबल उघडलंच नाही, ९२४.१८ वर १० टक्के चढवले, १०१६.६० आले, त्यातून मिळालेलं कूपन ८० वजा केलं आणि खाली लिहिलं ९३६.६०. मग चार वर्षांचे फॅक्टर लावून पडताळून पाहिलं, पैशापर्यंत जुळलं. मुदत संपताना १०००च मिळणार आहेत ना, म्हणून किंमत दरवर्षी थोडी थोडी तिकडे चढत जाते. या वेळी गोल एकदाच केलाय.