पुरळ त्या मुलाला आलंय, मग रक्त माझं का तपासायचं?

(गरोदर बायका आणि त्यांच्या घरच्यांसाठी एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार. आज सगळी माहिती एकदम सांगत बसत नाही, गरोदर असताना कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला तर काय करायचं, हा एकच प्रसंग घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ, कारण फोनवर मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि विचारणारीचा आवाज थरथरत असतो.

समजा एक बाई आहे, सतरावा आठवडा चालू आहे. शनिवारी संध्याकाळी ती नणंदेकडे गेली, नणंदेचा चार वर्षांचा मुलगा दोन-तीन तास हिच्या मांडीवर, गळ्यात पडून. तेव्हा तो एकदम ठणठणीत, फार तर जरा किरकिर करत होता. सोमवारी सकाळी नणंदेचा फोन, अगं याच्या अंगावर पाण्याचे फोड आलेत, डॉक्टर म्हणाले कांजिण्या. आता हिच्या मनात पहिलं काय येतं, की मी गेले तेव्हा तर त्याच्या अंगावर काहीच नव्हतं, मग मला काय होणार? इथेच गडबड होते. कांजिण्या पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतात आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. म्हणजे शनिवारचा संपर्क हा खराखुरा संपर्क आहे, तो धरायचाच.

डॉक्टर तिला पहिल्यांदा विचारतील, नक्की कधी भेटलीस, किती वेळ, किती जवळ. एका खोलीत पंधरा मिनिटं किंवा जास्त, किंवा समोरासमोर बोलणं, किंवा एका घरात राहणं, एवढं झालं असेल तर तो महत्त्वाचा संपर्क मानतात. जिन्यात शेजारून कुणी गेलं, त्याला हे लागू होत नाही. आणि त्या मुलाला खरंच कांजिण्याच आहेत ना हेही विचारतात, कारण ढेकणाच्या किंवा डासाच्या चावण्यालाही लोक घाबरून कांजिण्या म्हणतात.

दुसरा प्रश्न, तुला स्वतःला कधी झाल्या होत्या का, की लस घेतलीयेस, दोन्ही डोस? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा कांजिण्या होऊन गेल्या की शरीरात त्या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडीज बहुतेक आयुष्यभर राहतात, आणि नुसत्या आईलाच नाही, पोटातल्या बाळालाही नाळेतून मिळतात. बाईला नक्की आठवत असेल, फोड आले होते, खाज सुटली होती, शाळा बुडली होती, तर बहुतेक वेळा ती सुरक्षित असते आणि पुढे काही करायला लागत नाही. पूर्वी नागीण होऊन गेली असेल तरी तेच, कारण नागीण हा कांजिण्यांचाच शरीरात लपून बसलेला व्हायरस, आधी कांजिण्या झाल्याशिवाय ती होतच नाही.

पण आपल्या बाईचं उत्तर असं आहे की लहानपणी अंगावर काहीतरी आलं होतं, आई म्हणते गोवर, मावशी म्हणते कांजिण्या. हे उत्तर मला रोज मिळतं. अशा वेळी आठवणीवर भरवसा ठेवायचा नाही, सरळ रक्त तपासायचं. तपासणीचं नाव व्हॅरिसेला आयजीजी, म्हणजे कांजिण्यांविरुद्धच्या अँटीबॉडीज रक्तात आहेत का ते बघायचं. रिपोर्ट साधारण एक-दोन दिवसात येतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला घेतलेलं रक्त लॅबमध्ये ठेवलेलं असेल तर त्याच्यावरच ही टेस्ट करता येते, म्हणून विचारून बघा, सुई परत टोचायला नको.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती कळली की घाई कशासाठी ते कळतं. नवीन संसर्ग झाला तर आयजीजी लगेच तयार होत नाही, त्याला दिवस लागतात. त्यामुळे संपर्कानंतर दोन-तीन दिवसात घेतलेल्या रक्तात आयजीजी पॉझिटिव्ह आली तर ती जुनीच आहे, म्हणजे तुम्हाला इम्युनिटी आधीपासून आहे, निश्चिंत व्हा. तेच रक्त तीन आठवड्यांनी घेतलं आणि पॉझिटिव्ह आलं तर ती जुनी की नवीन हे सांगायला अवघड जातं. म्हणून मी म्हणते सोमवारी फोन आला ना, मग सोमवारीच कळवा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. अनेकींना वाटतं की अंगावर पुरळ आलं की जाऊ, पण तोपर्यंत टाळण्याची संधी निघून गेलेली असते.

आपल्या बाईचा रिपोर्ट बुधवारी आला, निगेटिव्ह. म्हणजे संपर्काचा चौथा दिवस, आणि हाताशी अजून वेळ आहे. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्याच्या रक्तातल्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन. हे जितकं लवकर तितकं चांगलं, पण संपर्कापासून दहा दिवसांपर्यंत देतात. दुसरा रस्ता म्हणजे अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या, काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आता ह्याच आधी सांगतात. त्या संपर्काच्या सातव्या दिवसापासून, ८०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, आठवडाभर. आपल्या बाईच्या हिशोबाने शनिवार ते शनिवार झाले की सुरू. काहीजणी म्हणतात सातव्या दिवसापर्यंत कशाला थांबायचं, आजच देऊन टाका ना. तर व्हायरस आधी आतल्या आत वाढतो आणि मग पुरळ येण्याच्या आधी रक्तातून मोठ्या प्रमाणात पसरतो, गोळी त्या वेळी अंगात हवी. यातलं काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर आठवडे, किडनीचं काम आणि काय उपलब्ध आहे ते बघून ठरवतील, आपल्या मनाने मेडिकलमधून गोळ्या आणून सुरू करू नका.

आणि हे दोन्ही उपाय शंभर टक्के नाहीत. कांजिण्या झाल्याच तर बऱ्याचदा सौम्य होतात, पण होऊ शकतात. म्हणून संपर्कानंतर आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत ती दुसऱ्यांना लावू शकते असं धरून चालायचं, आणि इंजेक्शन घेतलं असेल तर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, कारण इंजेक्शनने आजार उशिरा येऊ शकतो. या काळात तपासणीला यायचं तर आधी फोन करून, इतर गरोदर बायकांच्या शेजारी बसायचं नाही, तुम्हाला वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या खोलीत बघतील.

आता समजा फोड आलेच. त्याच दिवशी फोन करा. पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू झालं तर जास्त उपयोग, यावेळी डोस वेगळा असतो, दिवसातून पाच वेळा सात दिवस. वीस आठवड्यांच्या आधी द्यायचं का ते डॉक्टर तोलून ठरवतात. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी आईच्या फुफ्फुसांची असते. मोठ्या माणसांत कांजिण्यांनी न्यूमोनिया होतो आणि गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तो जड जातो, सिगारेट ओढणाऱ्या किंवा दमा असलेल्या बाईला आणखीच. म्हणून दम लागला, छातीत दुखलं, खूप गुंगी आली, फोडांतून रक्त यायला लागलं, किंवा सहा दिवस झाले तरी नवीन फोड येतच आहेत, तर घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी हॉस्पिटलला जायचं. लोक बाळाबद्दल विचारत राहतात आणि आईच्या दमाकडे दुर्लक्ष होतं, हे मी फार वाईट वाटून सांगते.

बाळाचं सांगते. नुसत्या संपर्काने बाळाला काहीही होत नाही, आईला आजार झाला तरच प्रश्न. आणि झाला तरी बहुतेक बाळं व्यवस्थित असतात. १३ ते २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर साधारण शंभरात दोन बाळांना त्रास दिसतो, त्याआधी याहून कमी, आणि २८ आठवड्यांनंतर हा प्रकार जवळजवळ दिसतच नाही. त्रास म्हणजे कातडीवर व्रण, हात किंवा पाय नीट न वाढणं, डोळे किंवा मेंदूवर परिणाम. आजारानंतर लगेच सोनोग्राफी करून काही कळत नाही, खुणा दिसायला वेळ लागतो, म्हणून निदान पाच आठवडे थांबून सविस्तर स्कॅन करतात. ते पाच आठवडे आईला फार लांब वाटतात, मला माहिती आहे, पण लवकर केलेला नॉर्मल स्कॅन खोटा दिलासा देतो. शेवटी शेवटी धोका वेगळा असतो. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या मधे आईला पुरळ आलं तर बाळाला आईच्या अँटीबॉडीज मिळायला वेळच मिळालेला नसतो, अशा बाळाला जन्मताच इम्युनोग्लोब्युलिन देतात.

आता गोवर. पद्धत तीच, कधी भेटलात, इम्युनिटी आहे का, पण तीन गोष्टी बदलतात. गोवर पुरळ येण्याच्या चार दिवस आधी ते चार दिवस नंतर पसरतो, आणि आजारी माणूस निघून गेल्यावरही खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो, म्हणून पंधरा मिनिटांचा हिशोब इथे चालत नाही, त्या खोलीत होतात एवढं पुरे. दुसरं म्हणजे लहानपणी गोवर झाला होता ही आठवण कांजिण्यांपेक्षा कच्ची असते, कारण लाल पुरळ कितीतरी व्हायरसांनी येतं, लसीची दोन डोसांची नोंद किंवा रक्तातली गोवराची आयजीजी हेच खरं. तिसरं, इथे वेळ कमी आहे. आयजीजी निगेटिव्ह असेल तर इम्युनोग्लोब्युलिन संपर्कापासून सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, अनेक ठिकाणी ते शिरेतून वजनाप्रमाणे देतात, किलोमागे ४०० मिलिग्रॅम. गोवरासाठी अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी गोळी नाही. रुबेला हा पुरळाचाच वेगळा आजार, त्याने बाळात व्यंग येतं तसं गोवराने येत नाही, पण आईला न्यूमोनिया, गर्भपात, वेळेआधी प्रसूती हे होऊ शकतं. अंगावर पुरळ आणि ताप घेऊन थेट क्लिनिकमध्ये येऊन बसू नका, आधी फोन.

एका ताईंनी चिठ्ठी दिलीय, मग आताच लस का नाही देत? दोन्ही लसी जिवंत पण कमजोर केलेल्या व्हायरसच्या आहेत, म्हणून गरोदरपणात देत नाही. चुकून घेतली गेली आणि नंतर दिवस गेल्याचं कळलं तर घाबरू नका, तेवढ्यासाठी गर्भपात करायचं कारण नाही. घरातल्या मोठ्या मुलाची लस मात्र आई गरोदर आहे म्हणून अडवू नका, उलट ती द्याच.

तुमची लस बाळंतपणानंतर, बाळ अंगावर पीत असलं तरी चालते, आणि लसीनंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. इम्युनोग्लोब्युलिन मिळालं असेल तर त्या उसन्या अँटीबॉडीज लसीतल्या व्हायरसलाच मारतात आणि लस वाया जाते, म्हणून कांजिण्यांच्या इंजेक्शननंतर पाच महिने आणि गोवरासाठी शिरेतून दिलेल्यानंतर आठ महिने थांबायचं. इंजेक्शनची तारीख आणि नाव फाईलवर लिहून घ्या, कारण बाळंतपणानंतर लस देणारा डॉक्टर बऱ्याचदा दुसराच असतो.