यादीतला पहिला फंड

मंडळी, २०२२ च्या जानेवारीत माझी एक शिक्षिका मैत्रीण घरी आली. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशांपैकी थोडे तिला म्युच्युअल फंडात घालायचे होते. मोबाइलवर तिने फंडांची यादी एका वर्षाच्या परताव्यानुसार लावली होती आणि वरच्या काही जागांवर टेक्नॉलॉजी फंड होते. "साठ टक्क्यांच्या वर आहेत गं," ती म्हणाली. आकडा खरा होता. निफ्टी आयटी निर्देशांक २०२१ मध्ये जवळपास ६० टक्के वाढला होता. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, तोच निर्देशांक सुमारे २६ टक्के घसरला.

या दोन वर्षांचा हिशेब आपण सावकाश करू. समजा, या निर्देशांकासारखाच चालणारा एक फंड आहे आणि २०२१ च्या सुरुवातीला त्यात लोकांचे १०० कोटी आहेत. वर्षअखेर त्यांचे १६० कोटी झाले. फंड यादीत वर आला, तो पाहून जानेवारी २०२२ मध्ये नव्या लोकांनी ३०० कोटी घातले. एकूण ४६० कोटी झाले. मग २६ टक्क्यांची घसरण आली आणि उरले साधारण ३४० कोटी.

आता फंडाच्या माहितीपत्रकात काय दिसेल? दोन वर्षांत शंभराचे एकशे अठरा झाले, म्हणजे वर्षाला जवळपास ९ टक्के. त्यात खोटं काही नाही. पण लोकांनी खिशातून घातलेले पैसे होते ४०० कोटी आणि हातात आहेत ३४०. फंड नफ्यात, गुंतवणूकदार मिळून ६० कोटींनी तोट्यात! कारण वाढ झाली तेव्हा फंडात पैसे कमी होते आणि घसरण झाली तेव्हा जास्त. परताव्याच्या तक्त्यात हा फरक कुठेच दिसत नाही, म्हणून मला तो पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

"मग त्या कंपन्या वर्षभरात बिघडल्या का?" असं मैत्रिणीने नंतर विचारलं. प्रश्न योग्य होता. सोपे आकडे घेऊन बघू. एका कंपनीचा शेअरमागे नफा १० रुपये आणि भाव २०० रुपये. म्हणजे नफ्याच्या एका रुपयासाठी लोक २० रुपये मोजताहेत. यालाच पीई म्हणतात. वर्षभरात नफा १२ रुपये झाला, पण भाव गेला ३२० वर. पीई झाला जवळजवळ २७. भाव ६० टक्के वाढला, त्यात कंपनीच्या कामाची वाढ २० टक्केच. बाकीची वाढ लोकांच्या अपेक्षेची. पुढच्या वर्षी नफा आणखी वाढून १३ झाला आणि पीई १८ वर आला, तर भाव होतो २३४. नफा वाढला, तरी भाव २७ टक्के पडला.

२०२२ मध्ये अशी अपेक्षा ओसरायला मोठं कारणही होतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली. शून्याच्या आसपास असलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर गेला. आपल्या आयटी कंपन्यांचं बरंचसं गिऱ्हाईक तिकडचं, त्यामुळे तिथल्या मंदीची भीती थेट इथल्या भावात उतरली.

यादीच्या टोकाला बहुतेकदा एकाच क्षेत्राचे किंवा छोट्या कंपन्यांचे फंड का दिसतात, तेही यातून कळतं. पन्नास-साठ कंपन्या निरनिराळ्या क्षेत्रांत पसरलेला फंड एका वर्षात टोकाला जाणं कठीण. टोकाला तोच जातो ज्याने सगळं एकाच ठिकाणी लावलं आणि ते क्षेत्र त्या वर्षी चढलं. म्हणून अशा फंडाचं नाव यादीत तळालाही सापडतं, फक्त वर्ष वेगळं असतं.

आणखी एक सापळा तारखेचा. २३ मार्च २०२० ला निफ्टी ७,६१० वर बंद झाला. करोनाच्या घबराटीतला तो तळ होता. वर्षभराने तो १४,८०० च्या आसपास होता. त्या दिवशी निफ्टीचीच नक्कल करणाऱ्या साध्यासुध्या इंडेक्स फंडाचाही एका वर्षाचा परतावा नव्वद टक्क्यांच्या पुढे दिसत होता. पण घसरणीआधीच्या जानेवारी २०२० मधल्या १२,३५२ या पातळीपासून मोजलं, तर वाढ सुमारे २० टक्क्यांची. मोजायला सुरुवात कुठून केली, यावरच सगळं ठरलं.

म्हणून मी मैत्रिणीला रोलिंग रिटर्न बघायला लावले. म्हणजे एकच तारीख न धरता दहा वर्षांतल्या प्रत्येक महिन्यापासून पुढची पाच वर्षं मोजायची. मग सगळ्यात वाईट पाच वर्षं कशी गेली आणि किती वेळा फंड स्वतःच्या निर्देशांकाच्या मागे राहिला, ते पाहायचं. यालाही मर्यादा आहे: मधेच फंड मॅनेजर किंवा फंडाचं धोरण बदललं असेल, तर जुने आकडे दुसऱ्याच कुणाचे ठरतात. खर्चाचं प्रमाण मात्र आधीच कळतं आणि ते दरवर्षी कापलं जातंच. ते आम्ही आधी तपासलं.

तिने शेवटी दोन साधे इंडेक्स फंड घेतले. टेक्नॉलॉजी फंडही तिला हवाच होता. त्यात तिने एकूण रकमेचा विसावा भाग घातला, तोही बारा महिन्यांच्या हप्त्यांत.